कामोठ्याची स्विफ्ट: सहा मिनिटांच्या व्हिडिओत काय दिसलं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं

प्रवीण माझा मावसभाऊ. कळव्याला राहतो, शिफ्ट ड्युटी करतो, रविवारशिवाय त्याला सुट्टी नाही. एका बुधवारी रात्री अकराला त्याचा फोन आला. "दादा, गाडी एकदम कडक आहे. व्हिडिओ पाठवलाय बघ. मालक म्हणतोय, उद्यापर्यंत दहा हजार टोकन टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. टाकू का?"

गाडी होती 2018 मार्चची स्विफ्ट, पेट्रोल, व्हीएक्सआय. मीटरवर 46 हजार, मागितलेली किंमत 4 लाख 75 हजार. मालक पहिलाच, राहणार कामोठ्याला, पण नंबरप्लेट MH-08, म्हणजे रत्नागिरीची. त्यांचं मूळ घर चिपळूणला, गाडी तिकडेच घेतलेली आणि 2022 पर्यंत तिकडेच होती.

मी चौदा वर्षं मोटार विम्याच्या सर्व्हेचं काम करतोय. ठोकलेल्या आणि पाण्यात गेलेल्या गाड्या बघणं हाच माझा रोजचा उद्योग. त्यामुळे चिपळूण आणि 2018 हे दोन शब्द ऐकल्याबरोबर डोक्यात तिसरी गोष्ट आली, ती 22 जुलै 2021. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि उभ्याच्या उभ्या गाड्या बुडाल्या. टोकन अजिबात टाकू नकोस, एवढं प्रवीणला सांगितलं आणि व्हिडिओ उघडला.

तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा आलेला होता. तसा पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं आणि त्यात सगळ्यात आधी बारीक पोत जातो. रंगाचा खरखरीतपणा, केसाएवढी चीर, बोल्टच्या डोक्यावरचा पान्याचा ओरखडा, आपल्याला हवं ते नेमकं हेच असतं. म्हणून मालकांना विनंती केली की तोच व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यांनी दहा मिनिटांत पाठवला. विकणाऱ्याने कुरकुर न करता हे केलं, याची मी मनात नोंद ठेवली.

असा व्हिडिओ मी तीनदा बघतो. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा डोळे मिटून नुसता कानाने, आणि तिसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. तिसऱ्या वेळी फक्त कॅमेरा कुठे किती सेकंद थांबला ते लिहायचं. सहा मिनिटं दहा सेकंदांच्या या व्हिडिओत पुढची बाजू 50 सेकंद होती, ड्रायव्हरची बाजू सव्वा मिनिट, इंजिन 40 सेकंद, आत डॅशबोर्ड आणि सीट दीड मिनिट. मागे आल्यावर डिकी उघडून कार्पेट दाखवलं आणि बंद केली. तिथून डाव्या बाजूला वळताना कॅमेरा एकदम वर गेला, बिल्डिंग दिसली, आणि खाली आला तेव्हा आपण थेट पुढच्या डाव्या दारापाशी होतो. मागचं डावं कॉर्नर, म्हणजे पेट्रोलच्या झाकणापासून बंपरपर्यंतचा भाग, सगळा मिळून दोन सेकंद.

यावरून मालक काही लपवतात असं मी म्हणत नाही. हातात फोन धरून गाडीभोवती फिरताना पाय अडखळतो, शेजारी हाक मारतो, कॅमेरा हलतो. पण माणूस नकळतसुद्धा आपल्या गाडीच्या दुखऱ्या जागेवरून लवकर पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मोकळी राहिलेली जागा मी दिसलेल्या दोषाइतकीच गंभीर धरतो. त्या जागेचा व्हिडिओ पुन्हा मागवायचा.

आणखी दोन गोष्टी खटकल्या. गाडी नुकतीच धुतलेली आणि ओली होती. पाण्याचा थर बारीक ओरखडे भरून काढतो आणि रंगाला एकसारखी चमक आणतो, त्यामुळे ओल्या गाडीचा रंग पाहणं म्हणजे काहीच न पाहणं. दुसरी गोष्ट, व्हिडिओत मालक सांगतात की गाडी सकाळपासून हललेली नाही आणि मग चावी फिरवतात. एसी बंद. आरपीएमचा काटा उसळतो आणि लगेच साडेसातशे-आठशेवर येऊन स्थिर होतो. रात्रभर थंड पडलेलं पेट्रोल इंजिन असं वागत नाही. आपल्या हवेतसुद्धा ते सुरुवातीला बाराशे-तेराशेच्या आसपास फिरतं आणि मिनिटभरात हळूहळू खाली उतरतं. काटा लगेच खाली बसला, म्हणजे इंजिन आधीच गरम होतं. गरम इंजिन सुरू होताना जुने रोग बोलत नाहीत. सकाळच्या पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून येणारा निळा धूर, तेल वर पोचेपर्यंतची दोन सेकंदांची खडखड, मरायला टेकलेली बॅटरी, हे सगळं झाकलं जातं.

गुरुवारी सकाळी मालकांना फोन केला. तुमच्यावर अविश्वास नाही, फक्त माझा भाऊ लांब आहे, एक व्हिडिओ मी सांगतो तसा काढून द्याल का, असं विचारलं. ते बँकेत नोकरीला आहेत, बोलायला सरळ. म्हणाले, "सांगा, उद्या सकाळी ड्युटीला जायच्या आधी काढतो." मी सांगितलेलं असं होतं. गाडी कोरडी हवी आणि रात्रभर उभी असलेली. बॉनेट उघडं ठेवून, फोन डॅशबोर्डसमोर धरून आधी चावी नुसती ऑन करा, इंजिन सुरू करू नका, पाच सेकंद थांबा, मग स्टार्ट मारा आणि काटा खाली येईपर्यंत कॅमेरा हलवू नका. नंतर बिल्डिंगखालच्या स्टिल्ट पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे सावकाश चाला, कॅमेरा पॅनेलला जवळजवळ समांतर. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून दाखवा. सीट पूर्ण मागे सारून खालची रेल दाखवा. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा खड्डा दाखवा. शेवटी दहा मिनिटं चालवा, शेजारी बसलेल्या माणसाने मीटर शूट करावा. मध्ये कुठेही कट नको.

शुक्रवारी सकाळी सव्वासात वाजता दुसरा व्हिडिओ आला, सतरा मिनिटांचा, एकही कट नसलेला.

चावी ऑन केल्यावर इंजिनचा, एअरबॅगचा, एबीएसचा, ऑइलचा, बॅटरीचा असे सगळे दिवे लागले. ही गोष्ट लोक सहसा तपासत नाहीत, आणि पहिल्या व्हिडिओत चावी थेट स्टार्टलाच फिरवल्याने ते दिसलंही नव्हतं. गाडी चालू असताना दिवा लागलेला नाही, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण दिव्याची वायरच काढून टाकलेली असू शकते. एअरबॅग फुटून गेलेली आणि पुन्हा न बसवलेली गाडी विकताना हे करतात. दिवा आधी लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. इथे एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला आणि विझला. स्टार्ट मारल्यावर काटा तेराशेच्या जरा खाली गेला आणि मिनिटभरात आठशेवर उतरला. धूर नाही, खडखड नाही. म्हणजे आदल्या वेळचं गरम इंजिन ही लबाडी नव्हती. नंतर कळलं, धुण्यासाठी गाडी नळाजवळ नेली होती, तेवढंच.

पुराच्या शंकेसाठी सीटबेल्टचा भाग मी चार वेळा पाहिला. बेल्ट कायम गुंडाळलेला असतो, त्यामुळे आतला शेवटचा दोन फूट पट्टा कोणी धूत नाही. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर त्या पट्ट्यावर पाण्याच्या पातळीची तपकिरी रेघ राहते आणि विणीत मातीचे कण अडकतात. हा बेल्ट शेवटपर्यंत एकाच रंगाचा होता. सीटच्या रेलवर ग्रीस होतं, धूळ होती, पण बोल्टवर गंज नव्हता. स्टेपनीचा खड्डा कोरडा होता आणि कोपऱ्यातलं कंपनीचं सीलंट जसंच्या तसं होतं.

तरी एवढ्यावर मी पूर नाही असं लिहून दिलं नसतं. निकाल मिळाला तो कागदातून. मालकांनी विम्याच्या पॉलिसीचा फोटो पाठवला होता आणि त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, 20 टक्के होता. सात वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या, कधीच क्लेम न केलेल्या गाडीला तो 50 टक्के असायला हवा. क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्यावर येतो आणि मग दरवर्षी 20, 25, 35, 45, 50 असा चढत जातो. ही पॉलिसी मार्च 2025 ची. ती 20 वर असेल तर मार्च 2024 ला बोनस शून्य होता, म्हणजे क्लेम मार्च 2023 ते मार्च 2024 या वर्षातला. पुराच्या वेळी क्लेम झाला असता आणि त्यानंतर काहीच नसतं, तर मार्च 2022 ला शून्य, 23 ला 20, 24 ला 25 आणि 25 ला 35 टक्के दिसला असता. आकडा दुसरंच वर्ष दाखवत होता. यातही पळवाटा आहेत. पॉलिसी संपून 90 दिवसांच्या वर गेले तरी बोनस जातो. बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही आकडा टिकतो. आणि पुराच्या वेळी गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर क्लेमच नाही, मग खूणही नाही. म्हणून मी आधीच्या दोन वर्षांच्या पॉलिसीही मागवल्या. त्या सलग होत्या, फुल इन्शुरन्सच्या होत्या, आणि मार्च 2023 च्या पॉलिसीत बोनस 50 टक्के होता. 2021 मध्ये क्लेम झाला असता तर तो तिथवर चढलाच नसता.

आता 2023-24 चा क्लेम कुठला, याचं उत्तर ट्यूबलाइटने दिलं. उजव्या बाजूने कॅमेरा चालत गेला तेव्हा ट्यूबचं प्रतिबिंब एका सरळ पांढऱ्या रेघेसारखं दारावरून दारावर सरकलं, फक्त फटींपाशी तुटलं. डाव्या बाजूलाही पुढच्या दारावर, मागच्या दारावर रेघ सरळ राहिली. पेट्रोलच्या झाकणाच्या खाली आली आणि थरथरली. वाहत्या पाण्यात काठी वाकडी दिसावी तशी ती तीन ठिकाणी वळली आणि बंपरपाशी पुन्हा सरळ झाली. कंपनीत प्रेसमधून निघालेला पत्रा अशी लाट देत नाही. तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलेली होती. डेंटिंगवाल्याचा हात चांगला होता, रंग जुळलेला होता, उन्हात किंवा ओल्या गाडीवर हे मला कधीच दिसलं नसतं.

मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं की पनवेलच्या सिग्नलला टेम्पोने मागून कोपऱ्यात दिली होती, क्लेम केला होता, बिल घरात आहे. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

इथवर व्हिडिओने जे द्यायचं ते दिलं होतं. प्रवीणला मी म्हटलं, ही गाडी नाकारायला व्हिडिओत कारण सापडत नाही, म्हणून ती बघायला जाण्याच्या लायकीची आहे. घ्यायच्या लायकीची आहे का ते रविवारी कळेल. त्याला हा फरक पटेना. "सतरा मिनिटं बघितलीस, अजून काय राहिलं?" असं त्याचं म्हणणं.

रविवारी सकाळी कामोठ्याला पोचलो आणि दार उघडताच पहिली गोष्ट आली ती वास. ओल्या गोणपाटासारखा कुबट, वर लिंबाच्या परफ्यूमचा थर. माझ्या पोटात खड्डा पडला. बेल्ट, रेल, स्टेपनी सगळं बघून पूर बाजूला ठेवला होता आणि आता नाक उलट सांगत होतं. पुढच्या डाव्या सीटसमोरचं मॅट उचललं, कार्पेटवर तळहात दाबला, हाताला पाणी लागलं.

अशा वेळी घाईने निकाल देऊ नये. मी बाकीच्या तिन्ही बाजूंची कार्पेटं दाबली, ती कोरडी होती. ओलं कार्पेट उचलून खालचा फोम पिळला, पाणी स्वच्छ निघालं, बोटाला गाळ लागला नाही. पुराचं पाणी बाजू निवडत नाही आणि गाळ सोडल्याशिवाय जात नाही. मग एसी लावून गाडी वीस मिनिटं उभी ठेवली. दमट हवेत एवढ्या वेळात गाडीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं व्हायला हवं, इथे जमीन कोरडी ठणठणीत. एसीची ड्रेनची नळी तुंबली होती आणि ते पाणी बाहेर पडण्याऐवजी डाव्या बाजूला आत झिरपत होतं. खालून नळीत वायर घातल्यावर पेलाभर मळकं पाणी भसकन बाहेर आलं. मालक रोज त्याच गाडीत बसत होते, त्यांच्या नाकाला तो वास कधीच जाणवेनासा झाला होता.

डाव्या कॉर्नरवर रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावलं. दारांवर 110 ते 130 मायक्रॉन येत होतं, झाकणाखाली 640. मागच्या दाराच्या चौकटीवरची रबराची बीडिंग ओढून बघितली, आतले स्पॉट वेल्डचे गोल खळगे दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर होते. म्हणजे पॅनेल कापून नवीन जोडलेलं नव्हतं, चेपलेला पत्रा ओढून वर लांबी लावली होती. डिकीचा फ्लोअरही सरळ. हा दोष दिसण्याचा होता, सांगाड्याचा नव्हता. लाटेवरून मला दुरुस्ती झाल्याचं कळलं होतं, पण ती वरवरची की खोल, हे पडद्यावरून सांगता आलं नसतं. बीडिंगमागे बोट घालावंच लागतं.

मग गाडी चालवायला घेतली. कामोठ्याच्या सपाट रस्त्यावर ती व्हिडिओत वागली तशीच वागली. मात्र क्लच सोडताना पाय जवळजवळ पूर्ण वर आल्यावर गाडी उचलत होती. व्हिडिओत मीटर दिसतो, पायाला काय लागतं ते दिसत नाही. शंका घेऊन मी बेलापूरला गेलो आणि पारसिक हिलच्या चढाला लागलो. गाडीत आम्ही चौघं. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला आणि काटा अडीच हजारावरून साडेतीन हजारावर सरकला, वेग मात्र होता तिथेच. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जळक्या क्लचचा वास आत आला. प्रवीणने माझ्याकडे बघितलं, मालकांनी काच खाली केली. इंजिन फिरत होतं आणि प्लेट घसरत होती.

घसरणारा क्लच ओझ्याखाली घसरतो. सपाट रस्त्यावर दोन माणसं घेऊन शांत चालवलेल्या गाडीत तो पकड धरून राहतो, मग कॅमेरा कितीही वेळ चालू ठेवा. उतरताना महामार्गावर ऐंशीचा वेग घेतला तेव्हा स्टिअरिंगला हलकी थरथर आली. ती बॅलन्सिंगने जाणारी होती, पण तीही व्हिडिओत नव्हती, आणि याचं कारण कळलं की पुढे कुणीच फसणार नाही. हल्लीचे फोन चित्र स्थिर करतात. हात हलला तर तो हलल्याचं मिटवून टाकतात आणि त्याबरोबर गाडीची थरथरही मिटते. आवाजाचंही तसंच. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप कमी करतो, बारीक आवाज वाढवतो, आणि फोनच्या छोट्या स्पीकरवर खालच्या सुरातली घरघर ऐकूच येत नाही. चाकाच्या बेअरिंगचा आवाज नेमका त्याच सुरात असतो. म्हणून मालक खरं बोलत असतील, व्हिडिओ अखंड असेल, तरी फोन स्वतःच काही गोष्टी गाळून पाठवतो.

कामोठ्याला परत येऊन बोलणी झाली. मी टेम्पोच्या ठोकरीसाठी फारसं काही मागितलं नाही, कारण त्यांनी बिल समोर ठेवलं होतं. क्लच सेट, व्हील बॅलन्सिंग, कार्पेट काढून वाळवणं एवढं वजा करून 4 लाख 38 हजारांवर सौदा ठरला. गाडीवर कर्जाचा बोजा नव्हता, चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहिला, आणि रत्नागिरी आरटीओची एनओसी हातात आल्यावरच उरलेली रक्कम द्यायची असं कागदावर लिहून घेतलं.

दहा दिवसांनी कळव्याच्या मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी मुद्दाम गेलो. क्लच प्लेटवरचं अस्तर झिजून रिव्हेटच्या डोक्यांच्या पातळीला आलं होतं, प्रेशर प्लेटवर निळसर जळाल्याचे डाग होते. घरी येऊन तो सतरा मिनिटांचा व्हिडिओ हेडफोन लावून पुन्हा बघितला, चालवतानाचा भाग तर दोनदा. आता काय शोधायचं ते मला पक्कं माहीत होतं. अकराव्या मिनिटाला ते तिसऱ्या गिअरमध्ये वेग वाढवतात. आरपीएम आणि वेग, दोन्ही काटे बरोबरीने वर जातात.